पहिलं वाक्य कोणासमोर?

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान सुरू झालं की गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत व्याख्यानं होतात. प्रास्ताविक होतं, सत्कार होतो, मग वाहतूक शाखेचे साहेब किंवा एखादे सर माइक हाती घेतात आणि बहुतेक वेळा विचारतात, ‘तुमच्यापैकी किती जण हेल्मेट घालतात? हात वर करा पाहू!’

हा प्रश्न इथे हमखास फसतो. समोर बसलेल्या बऱ्याच पोरांना अजून अठरा पूर्ण नाहीत, म्हणजे गिअरच्या गाडीचं लायसन्सच मिळू शकत नाही. खाकी वर्दीपुढे खरा हात कोण वर करणार? त्यातून चार-दोन हात वर गेलेच, तर बाकीच्या तीनशे जणांना एकच गोष्ट कळते, की हेल्मेट न घालणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत अॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक लाकडाचे जीवाश्म उचलून नेत. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाट्यांचा प्रयोग केला. ‘पुष्कळ पर्यटक तुकडे नेतात, त्यामुळे उद्यानाचं नुकसान होतं’ अशा अर्थाची पाटी लावली, तर चोरी उलट वाढली. सगळेच करतात म्हटल्यावर लाज उरत नाही. हात वर करायला लावणं म्हणजे ती पाटी सभागृहात लावणं.

मग आकडा सांगावा का? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं मेली. सतरा वर्षांच्या पोराला हा आकडा ऐकू येतो, दिसत मात्र नाही. लाख माणसं त्याने कधी एकत्र पाहिलेलीच नसतात. त्याला असा आकडा द्यायचा, जो त्याच्या पायांखाली मोजता येईल.

माझं मत विचाराल, तर या वयासाठी सुरुवात मैदानावर करावी. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ 14 मीटर कापते. मोबाइलवर आलेला मेसेज वाचायला दोन सेकंद लागले, तर गाडी 28 मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब असतं. म्हणजे दोन मैदानं ओलांडून वर थोडी जागा. आदल्या दिवशी टेपने अंतर मोजून फक्कीच्या दोन रेघा मारून ठेवाव्यात. एका रेघेवर एक मुलगा उभा करावा, दुसरीवर त्याचा मित्र. मग एवढंच म्हणावं, ‘याने इथे मान खाली घातली. वर केली ती तिथे.’ आणि थांबावं. पोरं आपणहून अंतराकडे बघतात. त्यानंतर तिसरी रेघ दाखवायची: मान वर केल्यावर धोका ओळखून ब्रेककडे हात जायला साधारण एक सेकंद, म्हणजे आणखी 14 मीटर. गाडी थांबायला लागणारी जागा त्याच्याही पुढे. इथे घसा ताणायची गरज पडत नाही. पुढचं मागणं मात्र लगेच आणि एकच असावं: गाडी सुरू करण्याआधी मोबाइल डिकीत किंवा दप्तरात. हेल्मेट, सिग्नल, लेनची शिस्त सगळं एकदम मागितलं की काहीच पदरात पडत नाही.

गोष्टीने सुरुवात करायची असेल, तर ती ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकांसमोर करावी. रस्ता त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो, त्यामुळे आकडे सांगू गेलं तर ते हसतात. पण ‘रात्री अकराला ट्रॉलीचा टायर गेला, चालकाने ती रस्त्यावरच उभी केली, मागे रिफ्लेक्टर नव्हता’ एवढं ऐकलं की मांडव शांत होतो. तेव्हा गोष्ट धडकेपर्यंत नेऊच नये. टायर गेला त्या क्षणी थांबून विचारावं, ‘आता पहिलं काय करायचं?’ रक्ताचे फोटो दाखवले की माणूस नजर फिरवतो. आणि काय करावं ते सांगितलं नसेल, तर नजरेबरोबर विषयही झटकून टाकतो. आणखी एक पथ्य: गोष्ट त्याच तालुक्यातली असेल, तर मृताचे भाऊबंद मांडवात बसलेले असू शकतात. आधी चौकशी करावी, घरच्यांची परवानगी घ्यावी, गाव-नाव वगळावं. परवानगी नसेल तर ती गोष्ट सोडून द्यावी.

प्रश्नाची खरी जागा पालकसभेत आहे, तीही चाळीस-पन्नास माणसांच्या. ‘मुलाला गाडी देता का?’ असं विचारलं, तर सगळे नाही म्हणतील. ‘तुमच्या घरात गाडीची चावी कुठे टांगलेली असते?’ या प्रश्नात आरोप नसतो, म्हणून प्रत्येक जण मनातल्या मनात दाराजवळच्या खिळ्याकडे बघून येतो. मग कायदा सांगायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.