दोन रिकामी घरं

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण संपलं की मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण येतं. त्या दिवशी वर्गात गेलं की निम्म्या मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर गणांची यादी आधीच उतरवलेली दिसते, आणि ती लक्षात ठेवायला क्लासमधून मिळालेली हिंदी वाक्यंही. लिथियम, सोडियम, पोटॅशियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी विचारते, "हे तिघं एकाच रांगेत का रे?" तो म्हणतो, "बाई, पहिला गण आहे ना तो."

त्याचं काही चुकत नाही. त्याच्या दृष्टीने आवर्तसारणी ही कोणीतरी ठरवून दिलेली बैठकव्यवस्था आहे, परीक्षेच्या नंबरांसारखी. ती व्यवस्था सापडली कशी, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून गेली काही वर्षं मी हा धडा पुस्तक मिटून सुरू करते आणि पहिले दोन तास मुलांच्या हातात फक्त पत्ते देते.

पत्ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे. चार-चार मुलांचा गट आणि प्रत्येक गटाला बावीस पत्ते. पत्त्यावर मूलद्रव्याचं नाव नसतं. अणुवस्तुमान असतं, दिसतं कसं आणि पाण्याशी कसं वागतं याची एक ओळ असते, आणि हायड्रोजन किंवा क्लोरीनशी होणाऱ्या संयुगाचं सूत्र असतं. मूलद्रव्याच्या जागी X लिहिलेला: XCl, XCl₂, XH₃ असं. नावं मुद्दाम लपवलेली, नाहीतर पाठ असलेली यादीच बाकावर मांडली जाते. वस्तुमान 16 पाहून 'हा ऑक्सिजन' असं कोणी ओळखतंच, त्याला हरकत नाही.

पहिलं काम सोपं. वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने पत्ते एका ओळीत लावायचे आणि प्रत्येकाखाली X ने किती हायड्रोजन किंवा क्लोरीन धरलेत तो आकडा खडूने लिहायचा. 7 वस्तुमानाच्या पत्त्यापासून 40 पर्यंतचे सोळा पत्ते लागले की बाकावर हे दिसतं: 1 2 3 4 3 2 1 1 2 3 4 3 2 1 1 2.

हे आकडे मी मोठ्याने म्हणायला लावते. लेझीम खेळलेल्या मुलांना ताल लगेच कळतो: चढ, उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार. 'संयुजा' हा शब्द मी अजून उच्चारलेला नसतो आणि आवर्तन मात्र कानाला लागलेलं असतं.

आता ओळ कुठे तोडायची आणि कशाखाली काय ठेवायचं? इथे दरवर्षी एक चूक होते, आणि मला ती फार मोलाची वाटते. मुलं सारखे आकडे एकाखाली एक ठेवतात. सगळे 1 एका उभ्या रांगेत, सगळे 2 दुसरीत, सगळे 3 तिसरीत. चार रांगांची नेटकी मांडणी होते आणि गट खूश असतो. मी फक्त म्हणते, आता पत्त्यावरची वर्णनाची ओळ वाचा. पहिल्या रांगेत पाण्यात टाकल्यावर सळसळत फिरणारा, सुरीने कापता येईल असा मऊ धातू आहे आणि त्याच्याच खाली हिरवट-पिवळा विषारी वायू. मागे एक मुलगी पत्ता उचलून म्हणाली होती, "बाई, आकडा जुळतोय, पण हे घरचे नाहीत."

मग रांगा मोडतात. चढावरचा 1 वेगळा आणि उतारावरचा 1 वेगळा, हे मुलांच्या ध्यानात येतं. सात रांगा होतात. 7, 23 आणि 39 वस्तुमानाचे तिन्ही मऊ धातू एकाखाली एक येतात, 19 आणि 35.5 चे दोन विषारी वायू शेवटच्या रांगेत जातात. एका गुणधर्मावर बसवलेली मांडणी दुसऱ्या गुणधर्मावर तपासून पाहायची, ही सवय मुलांना इथे लागते. डोबेरायनरची त्रिकं मग वेगळी शिकवावी लागत नाहीत. 7 आणि 39 ची सरासरी 23 येते, हे कोणीतरी आपणहून करून दाखवतं.

पुढचा भाग या धड्याचा गाभा आहे. 40 नंतरचा पत्ता एकदम 65 चा आहे. मधले नऊ, लोखंड-तांब्याच्या कुळातले, मी काढून ठेवलेले असतात आणि तसं मुलांना सांगते. लोखंड FeCl₂ ही देतं आणि FeCl₃ ही, त्यामुळे त्यांच्याखाली एकच आकडा लिहिता येत नाही. या पहिल्या शिकारीत ते बसत नाहीत, त्यांची पाळी नंतर. 65 च्या धातूचा आकडा 2, म्हणून तो दुसऱ्या रांगेत जातो. पुढचा पत्ता 75 चा, सूत्र XH₃. दोननंतर तीन! मुलं आनंदाने तो तिसऱ्या रांगेत, ॲल्युमिनियमखाली ठेवतात. पुढचा 79 चा चौथ्या रांगेत, पण त्याचा आकडा 2, तिथे हवा 4. त्यापुढचा 80 चा, लालसर तपकिरी, उग्र वासाचा द्रव, तो फॉस्फरसखाली आला. त्याचा आकडा 1, आणि वर्णन वाचलं तर तो सरळसरळ क्लोरीनचा भाऊ.

इथे वर्गात आवाज वाढतो. कोणी म्हणतं वस्तुमान चुकीचं छापलंय, कोणी पत्त्यांची अदलाबदल करून पाहतं. मी काही बोलत नाही. पाच-दहा मिनिटं हा गोंधळ चालू द्यायला लागतो. सर्वांत मोठा मोह इथेच होतो, उत्तर सांगून टाकण्याचा. मग एखादा गट 75, 79 आणि 80 हे तिन्ही पत्ते दोन-दोन घरं उजवीकडे सरकवतो. 75 चा फॉस्फरसखाली, 79 चा गंधकाखाली, 80 चा क्लोरीनखाली. पुढचे 85 आणि 88 चे धातू नव्या ओळीत पोटॅशियम-कॅल्शियमखाली बिनबोभाट जातात. सगळं जुळतं, फक्त 65 आणि 75 च्या मध्ये दोन घरं रिकामी राहतात.

"बाई, दोन पत्ते कमी दिलेत तुम्ही."

हेच वाक्य ऐकण्यासाठी मी तो सगळा खटाटोप केलेला असतो. तेव्हा मी त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री मेंडेलीव्हबद्दल सांगते. 1869 साली, विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिताना, तेव्हा माहीत असलेल्या 63 मूलद्रव्यांचा मेळ तो घालत होता. जस्त आणि अर्सेनिक यांच्यामध्ये त्यालाही हीच दोन घरं रिकामी दिसली. पत्ते कमी आहेत हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं, तरी त्याने घरं रिकामी ठेवली आणि तिथे कोण येणार त्याचं वर्णन 1871 मध्ये छापून टाकलं. नावं दिली एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन. हा 'एका' म्हणजे आपलाच, संस्कृतातला 'एक': ॲल्युमिनियमच्या पुढचं एक घर, सिलिकॉनच्या पुढचं एक घर.

मग मुलांना म्हणते, तुम्हीही सांगा पाहू, सिलिकॉनखाली कोण येईल. वस्तुमान आधी. 65 पासून 75 पर्यंत तीन पावलं, म्हणजे एका पावलाला सव्वातीनहून थोडं जास्त. रिकाम्या घरांत 68.3 आणि 71.7 येतात. मेंडेलीव्हने 68 आणि 72 सांगितले होते. आता घनता. आडवं पाहिलं तर जस्ताची 7.1 आणि अर्सेनिकची 5.7, तशाच तीन पावलांत उतरलो तर आपल्या घरात 6.2 येते. उभं पाहिलं तर वर सिलिकॉन 2.3 आणि खाली कथिल 7.3 (कथिलाचा पत्ता मी या वेळी काढून देते), सरासरी 4.8. आडव्याउभ्याची सरासरी काढली की 5.5. मेंडेलीव्हचा आकडाही 5.5 च होता. क्लोराइडचं सूत्र तर रांगेवरूनच ठरतं, XCl₄. ते द्रवरूप असेल आणि शंभर अंशांच्या थोडं खालीच उकळेल, असंही त्याने लिहून ठेवलं होतं.

1886 मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला क्लेमेन्स विंक्लर चांदीच्या एका नव्या खनिजाचं विश्लेषण करत होता. सगळे घटक मोजून झाले तरी बेरीज शंभर टक्के होईना, सुमारे सात टक्के काही केल्या सापडेना. ते सात टक्के म्हणजे जर्मेनियम. वस्तुमान 72.6, घनता 5.3 च्या आसपास, क्लोराइड द्रवरूप आणि 86 अंशांजवळ उकळणारं. हे आकडे मी फळ्यावर मुलांच्या आकड्यांशेजारी लिहिते. त्या क्षणी वर्ग ज्या तऱ्हेने गप्प होतो, ते पाठांतराच्या तासाला मी कधी पाहिलेलं नाही.

शेजारच्या घरातला गॅलियम 1875 मध्येच सापडला होता. त्याच्या बाबतीत मी मुलांना मुद्दाम फसू देते. त्याचा वितळणबिंदू काढा, म्हणते. वर ॲल्युमिनियम 660 अंश, खाली इंडियम 157, सरासरी चारशेच्या वर जाते. प्रत्यक्षात गॅलियम 30 अंशांना वितळतो, तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. वस्तुमान, घनता, संयुगांची सूत्रं यांत सरासरी चालते. वितळणबिंदू मात्र घन अवस्थेत अणू एकमेकांना कसे बांधलेले आहेत त्यावर ठरतो, आणि ती बांधणी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी असेलच असं नाही. आपला नियम कुठवर पोचतो तेही मुलांनी स्वतः मोजून पाहावं, असं मला वाटतं.

दुसऱ्या तासाला चार नवे पत्ते: 4, 20, 40 आणि 84. सूत्राच्या जागी 'संयुग होत नाही', म्हणजे आकडा शून्य. विल्यम रॅम्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1894 ते 1898 या काळात हे वायू ओळखले. मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा ते कोणाला ठाऊकच नव्हते. मुलं वस्तुमान पाहून ते ओळीत घालतात आणि पाहता पाहता जिथे दोन 1 शेजारी शेजारी होते, तिथे शून्य जाऊन बसतो. ताल पूर्ण होतो: 0 1 2 3 4 3 2 1 0.

फक्त एक पत्ता अडतो. पूर्ण आकडा पाहिला तर आरगॉन 39.9 चा आणि पोटॅशियम 39.1 चा. वस्तुमान मानलं तर वायू मऊ धातूंच्या रांगेत जातो आणि धातू शून्याच्या रांगेत. बहुतेक गट वस्तुमान झुगारतात आणि स्वभाव राखतात. मग मी विचारते, मुळात क्रम वस्तुमानाचा होता ना, तो मोडायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, मेंडेलीव्हकडेही नव्हतं. ते 1913 मध्ये हेन्री मोझ्ली या तरुणाने क्ष-किरणांच्या मोजणीतून दिलं: खरा क्रम अणुअंकाचा, केंद्रकातल्या प्रोटॉनांचा. आरगॉन 18, पोटॅशियम 19.

आता पुस्तक उघडतो. कवचांतली 2, 8, 8 ही इलेक्ट्रॉनांची रचना आली की चढ-उताराचं कारणही मिळतं. बाहेरच्या कवचात एक, दोन, तीन, चार इलेक्ट्रॉन असेपर्यंत तेवढीच संयुजा, आणि त्यापुढे आठ व्हायला कमी पडतात तेवढी. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि अणुअंक मात्र पाठ करावेच लागतात, ते मी करून घेते. परीक्षेत ते लागतात आणि त्यांच्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही. पण पाठ करताना आता मुलं गण विसरली तर संरूपण मांडून शोधून काढतात.

हायड्रोजनचा पत्ता मी सर्वांत शेवटी देते. वस्तुमान 1, आकडा 1, वायू. अर्धे गट तो लिथियमच्या डोक्यावर ठेवतात, कारण HCl आणि NaCl सारखेच दिसतात. अर्धे फ्लोरिनच्या डोक्यावर, कारण तो अधातू आहे, वायू आहे आणि एकच इलेक्ट्रॉन कमी आहे. पुस्तकाने तो पहिल्या गणात ठेवलाय, हे दाखवल्यावरही वाद थांबत नाही. यंदा एका गटाने तो कोणत्याच रांगेत ठेवला नाही. बाकाच्या वरच्या कडेला, दोन्ही रांगांपासून दूर, वेगळाच मांडला आणि तास संपल्यावर बाकीचे पत्ते गोळा केले तरी तो तिथेच राहू दिला.