संवादाविना पटकथा : भेटीआधीची ताटातूट

संवाद नसलेल्या लघुपटातली पुनर्भेट उभी राहते ती आधीच्या ताटातुटीवर. मिखाएल डुडोक द विट या डच दिग्दर्शकाचा ‘फादर अँड डॉटर’ (२०००) हा सुमारे आठ मिनिटांचा अॅनिमेशनपट याचा उत्तम नमुना आहे. त्याला ऑस्करही मिळाले.

वडील आणि लहान मुलगी सायकलींवरून पाण्याकाठच्या बांधावर येतात. वडील तिला जवळ घेतात, उतार उतरून नावेकडे जातात, पण थबकून पुन्हा वर येतात आणि तिला उचलून घेतात. मग नाव वल्हवत निघून जातात. का जातात, हे कळत नाही. त्यांचा पाय निघत नव्हता, एवढे मात्र त्या माघारी येण्यातून कळते, आणि पुढची सारी गोष्ट तेवढ्यावर तगते.

मुलगी पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येते : कधी वाऱ्याशी झुंजत, पुढे मैत्रिणींबरोबर, मग नवरा-मुलांसह, शेवटी एकटी. जागा तीच राहते, म्हणूनच वय दिसते. ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी लागत नाही. म्हातारपणी तिची सायकल उभी राहत नाही. ती उचलून ठेवते, सायकल पुन्हा पडते. अखेर सायकल तशीच टाकून ती उतार उतरते. आजवर ती सायकलवरून घरी परतत आली होती. आता ती परतणार नाही, हे प्रेक्षकाला इथेच उमगते.

पाणी आटून तिथे गवत माजलेले असते. त्यात तिला रुतलेली नाव सापडते आणि ती तिच्यात आडवी होते. मग उठून धावू लागते, धावता धावता तरुण होते आणि वडिलांपुढे पोहोचल्यावर क्षणभर थांबते. त्यानंतरची मिठी ओळखीची वाटते, कारण ती सुरुवातीला पाहिलेली असते.

अशा पटकथेत ‘तिला वडिलांची तीव्र आठवण येते’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. त्याचे चित्रण करता येत नाही. कागदावर काहीसे असे उतरावे लागते : ‘बांध. दुपार. मुलगी सायकलवरून उतरते, काठाशी थांबते. पाण्यावर काही नाही. ती सायकल वळवते.’ एका पानाला एक मिनिट हा नेहमीचा हिशेब इथे फसतो, कारण ‘ती वाट पाहते’ या तीन शब्दांना पडद्यावर अर्धे मिनिटही लागू शकते. म्हणून प्रत्येक कृती प्रत्यक्ष करून, घड्याळ लावून मोजावी.

सर्वांत मोठा धोका पत्राचा किंवा मोबाइलवरच्या संदेशाचा. मजकूर वाचायला लावला की संवाद मागच्या दाराने आत येतो. पटकथा एखाद्या त्रयस्थाला वाचायला द्यावी. ही दोघे एकमेकांची कोण आणि किती काळ दुरावलेली, हे त्याला विचारावे लागले नाही, तर लेखन जमले. विचारावे लागले, तर दुरुस्ती बहुधा ताटातुटीच्या प्रसंगात करावी लागते.