शब्द घट्ट, सौदा तोच

कोल्हापूरचा एक मसालेवाला आणि शिरोली एमआयडीसीतला एक कारखानदार यांचा व्यवहार ठरला आहे, असे समजू. मसाला कारखान्यात तयार होणार, पुड्यावर नाव मसालेवाल्याचे. कृती सांगितल्याशिवाय कारखान्याला काम करता येणार नाही, आणि तीच कृती बाहेर गेली तर मसालेवाल्याच्या हाती नावापलीकडे फारसे काही उरणार नाही. व्यापारी गुपितांसाठी भारतात अजून स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे त्याची भिस्त मुख्यतः करारनाम्यातल्या गोपनीयतेच्या कलमावर. त्या कलमातली व्याख्या अशी आहे:

“गोपनीय माहिती म्हणजे व त्यात समाविष्ट असेल, लेखी स्वरूपात दिलेली मसाल्याची कृती, मालपुरवठादारांची नावे व दर, तसेच व्यवसायाशी संबंधित इतर सर्व माहिती इत्यादी, जी गोपनीय आहे आणि सार्वजनिक नाही.”

असे कलम बऱ्याच करारांत सापडते. दोघांनी सह्या केल्या आहेत, काम सुरू आहे, आणि आता कोणीतरी म्हणते की एवढी व्याख्या नीट करून द्या. सौदा बदलायचा नाही, फक्त शब्द आवळायचे. काम वरवर सोपे वाटते. पण ढिसाळ वाक्यातला प्रत्येक ढिला सांधा दोन बाजूंना ओढता येतो, आणि तो आवळणारा माणूस नकळत एक बाजू निवडून बसतो.

म्हणून वाक्याला हात लावण्याआधी एका कागदावर प्रत्यक्ष गोष्टी लिहून काढाव्यात. कागदावर दिलेले घटकांचे प्रमाण. भट्टीपाशी उभे राहून तोंडी सांगितलेले, मिरची किती भाजायची ते. फोनवर सांगितलेले मिरचीच्या व्यापाऱ्याचे नाव. दुकानदारांना वाटलेले घाऊक दरपत्रक. प्रत्येकीपुढे जुन्या व्याख्येप्रमाणे ‘आत’, ‘बाहेर’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक उत्तर लिहायचे. नवी व्याख्या तयार झाली की तीच यादी पुन्हा तपासायची. जे आत होते ते आतच राहिले पाहिजे, जे बाहेर होते ते बाहेरच. ‘सांगता येत नाही’चे उत्तर मात्र मसुदा लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून द्यायचे नाही.

आता पहिला सांधा पाहू. ‘लेखी स्वरूपात दिलेली’ हे शब्द फक्त कृतीला लागतात, की पुरवठादारांची नावे आणि ‘इतर सर्व माहिती’लाही? मराठीत विशेषण पुढे आले आणि मागे यादी लागली की हा घोळ हमखास होतो. फोनवर सांगितलेले व्यापाऱ्याचे नाव एका वाचनात आत येते, दुसऱ्यात बाहेर राहते. इथे घाईने ‘लेखी अथवा तोंडी’ असे लिहिले तर कारखान्यावरचे बंधन वाढते. ‘लेखी’ हा शब्द सगळ्या यादीला ठोकून जोडला तर मसालेवाल्याचे संरक्षण कमी होऊ शकते. उत्तर शोधायचे ते आधी उरलेल्या करारात. समजा, याच करारनाम्याच्या कलम 6 मध्ये म्हटले आहे की कोणतीही माहिती तोंडी दिल्यास ती सात दिवसांत लेखी कळवावी. म्हणजे दोघांच्या मनात लेखी ही अट सगळ्याच माहितीला होती, आणि तोंडी सांगितलेले नंतर कागदावर आणले की तेही आत येणार होते. हे उत्तर पक्षांनीच दिलेले आहे, म्हणून ते व्याख्येत आणायला हरकत नाही. पण त्या सात दिवसांतच कारखान्याने भाजण्याची वेळ कोणाला सांगितली तर? करार गप्प आहे. ही गोष्ट ‘सांगता येत नाही’च्या रकान्यातच ठेवायची.

‘म्हणजे व त्यात समाविष्ट असेल’ हे दुसरे जोडकाम. कायद्याच्या भाषेत ‘म्हणजे’ व्याख्येचे दार बंद करतो, ‘समाविष्ट’ ते उघडे ठेवतो. दोन्ही एकत्र आले तर काय, याचे उत्तर कायद्यांतल्या व्याख्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये पी. कासिलिंगम यांच्या खटल्यात दिले आहे: अशी व्याख्या बंद समजायची. करार वाचतानाही तीच दिशा धरणे सुरक्षित. म्हणून इथे नुसते ‘म्हणजे’ ठेवावे. नुसते ‘समाविष्ट असेल’ ठेवले तर व्याख्या रुंदावते.

यादीच्या शेवटचे ‘इतर सर्व माहिती’ पाहून हात शिवशिवतात. खुलाशासाठी कोणी ते आधी आणून लिहितो: ‘व्यवसायाशी संबंधित सर्व माहिती, उदाहरणार्थ कृती, पुरवठादार…’ वाक्य सुबक होते, पण सौदा बदलतो. विशिष्ट गोष्टींच्या यादीनंतर सर्वसाधारण शब्द आला, तर न्यायालये बहुधा त्याला त्या यादीच्याच जातीचा अर्थ देतात. कृती आणि पुरवठादार यांच्या पंगतीतली ‘इतर माहिती’ म्हणजे त्याच तऱ्हेची माहिती. तीच आधी आली की हे बंधन सुटते. क्रम जसाच्या तसा ठेवावा. ‘इत्यादी’ मात्र बेलाशक काढावे, कारण ‘इतर सर्व’ म्हटल्यावर त्याला करायला काहीच उरत नाही.

राहता राहिला शेवटचा तुकडा, ‘जी गोपनीय आहे आणि सार्वजनिक नाही’. गोपनीय माहिती म्हणजे जी गोपनीय आहे ती, हे गोल फिरणे आहे, म्हणून संपादकाची लेखणी आधी तिथेच चालते. थांबावे. घाऊक दरपत्रक दुकानदारांना वाटलेले आहे. ते सर्वांपुढे जाहीर झालेले नाही, पण गुप्तही नाही. ‘गोपनीय’ शब्द खोडला तर ते आत येऊन बसते. त्याऐवजी ‘ज्यावर गोपनीय असा शिक्का आहे’ असे लिहिले तर शिक्का नसलेली कृतीची चिठ्ठी बाहेर पडते. माझ्या मते अशा वेळी गोल फिरणारा शब्द तसाच ठेवून पक्षांकडून खुलासा मागणे, हाच प्रामाणिक मार्ग.

हा तुकडा सगळ्या यादीला लागतो की फक्त ‘इतर माहिती’ला? समजा कलम 9 म्हणते, सार्वजनिक झालेल्या कोणत्याही माहितीला बंधन राहणार नाही. ‘कोणत्याही’ या शब्दाने प्रश्न मिटतो, तुकडा सगळ्यांना लागतो. पण कारखान्याच्याच माणसाने कृती फोडली आणि ती अशी सार्वजनिक झाली तर? ‘माहिती घेणाऱ्याच्या चुकीमुळे नव्हे’ अशी पुस्ती बहुतेक वकील सवयीने जोडतात. ती न्याय्य आहे, पण या करारात ती लिहिलेली नाही. ती जोडायची तर दोघांना विचारून, नवी अट म्हणून.

इतके झाल्यावर व्याख्या अशी होते:

“गोपनीय माहिती म्हणजे लेखी दिलेली, किंवा तोंडी देऊन कलम 6 प्रमाणे लेखी कळवलेली, पुढील माहिती: (अ) मसाल्याची कृती; (आ) मालपुरवठादारांची नावे व दर; (इ) व्यवसायाशी संबंधित इतर सर्व माहिती. मात्र (अ), (आ) किंवा (इ) मधील माहिती गोपनीय असली पाहिजे आणि सार्वजनिक असता कामा नये.”

सोबत तीन प्रश्नांचा कागद जोडायचा: सात दिवसांतली गळती, ‘गोपनीय’ची कसोटी, आणि चुकीने झालेली प्रसिद्धी. वाद कोर्टात गेल्यावर दोघांना काय म्हणायचे होते ते सांगता येईल, अशी आशा ठेवू नये. 1872 च्या पुरावा कायद्यात उदाहरण होते: घोडा 1,000 किंवा 1,500 रुपयांना विकण्याचा लेखी करार झाला, तर किंमत कोणती ठरली होती हे दाखवायला पुरावा देता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, वरकरणीच संदिग्ध असलेल्या दस्ताबाबतचा तो नियम कायम आहे.

सुधारित व्याख्येवर पुन्हा दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि ती मूळ कराराच्या तारखेपासून लागू असल्याचे त्यातच लिहावे. नाहीतर दोन सह्यांच्या मधल्या काळात दिलेल्या माहितीला जुने शब्द लागू की नवे, असा नवाच वाद उभा राहतो.