दोन शिड्या : बढती माणसाची की जागेची?

या लेखमालेच्या मागच्या भागात आपण रिकाम्या खुर्चीवर अवलंबून असलेली बढती पाहिली. वरची जागा रिकामी झाली, तरच खालचा माणूस वर जातो आणि वरच्या बहुतेक जागा माणसे सांभाळण्याच्या असतात. त्यामुळे कुशल अभियंत्याला पगार वाढवून हवा असेल, तर आपले कसब बाजूला ठेवून रजेचे अर्ज आणि कामाची वाटणी सांभाळावी लागते. यावर उपाय म्हणून दुसरी शिडी आली. तिच्यावर तज्ज्ञ तज्ज्ञच राहतो आणि तरीही व्यवस्थापकाच्या बरोबरीने वर चढतो. माझे म्हणणे असे की ही शिडी खरी ठरायची असेल, तर पद जागेला नव्हे, माणसाला चिकटलेले असले पाहिजे, आणि पदाबरोबर कामही बदलले पाहिजे. पहिली अट आपल्याकडे सरकारी विज्ञान संस्थांनी बऱ्याच अंशी पाळली आहे. दुसरी मात्र अनेकदा राहून जाते.

केंद्र सरकारच्या अनेक वैज्ञानिक खात्यांत ‘फ्लेक्सिबल कॉम्प्लिमेंटिंग स्कीम’ चालते. अणुऊर्जा आणि अवकाश विभागांची गुणवत्तेवर आधारलेली स्वतःची पद्धत आहे, पण तत्त्व तेच. शास्त्रज्ञ ‘बी’ श्रेणीत दाखल झालेल्याला या योजनेच्या १९९८ च्या नियमांनुसार ‘सी’साठी किमान ३ वर्षे, पुढे ‘डी’ आणि ‘ई’साठी प्रत्येकी ४, आणि ‘एफ’ व ‘जी’साठी प्रत्येकी ५ वर्षे काढावी लागतात. म्हणजे सव्विसाव्या वर्षी लागलेली व्यक्ती प्रत्येक टप्पा वेळेवर ओलांडत गेली, तर २१ वर्षांनी, सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘जी’ होते. सातव्या वेतन आयोगात ‘बी’चे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, तर ‘जी’चे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते आणि हा दुसरा आकडा सहसचिवाच्या स्तराचा आहे. एवढ्या वाटचालीत कोणाची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. श्रेणी त्या व्यक्तीपुरती वर जाते आणि ती व्यक्ती गेल्यावर जागा मूळ श्रेणीला परत येते. मुदत भरली म्हणून बढती हमखास मिळते असेही नाही. आधी वार्षिक अहवालांवरून चाळणी होते, मग बाहेरचे तज्ज्ञ असलेल्या मंडळापुढे मुलाखत.

यावर रास्त आक्षेप आहे. जागा तीच, टेबल तेच, प्रकल्प तोच राहिला आणि फक्त श्रेणीचे अक्षर बदलले, तर याला वाढ कसे म्हणायचे? थॉमस ॲलन आणि राल्फ कॅट्झ या अभ्यासकांनी १९८६ मध्ये अमेरिकी अभियंत्यांची पसंती तपासली, तेव्हा सर्वांत मोठा गट व्यवस्थापनाची शिडीही मागत नव्हता आणि तांत्रिक शिडीही नाही. त्याला अधिक रंजक काम हवे होते. यावरून शिडी निरुपयोगी ठरत नाही, पण तिच्या प्रत्येक पायरीवर काय ठेवायचे ते कळते. आयबीएमने १९६२ मध्ये ‘फेलो’ पद सुरू केले ते याच दिशेने. फोरट्रान घडवणारे जॉन बॅकस १९६३ मध्ये फेलो झाले. हाताखाली मोठा विभाग नसताना त्यांना स्वतःचा प्रश्न निवडता आला आणि १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी फोरट्रानच्या वळणाच्या भाषांवरच टीका केली. ती मोकळीक हे त्या पदाचे खरे वेतन होते.

खासगी सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत अडचण वेगळी आहे आणि तिचा दोष व्यवस्थापकांच्या वृत्तीवर ढकलून चालणार नाही. या कंपन्या ग्राहकाकडून माणसाच्या तासांचे पैसे घेतात. नफा हवा तर प्रकल्पात खाली स्वस्त, नवखी माणसे भरपूर आणि वर महाग माणसे मोजकीच असावी लागतात. दहा-बारा वर्षांच्या तज्ज्ञाचा तास ग्राहक सहसा दुप्पट दराने विकत घेत नाही. मग त्याचा पगार निभावायला त्याच्याखाली वीस माणसे उभी करावी लागतात. अशा कंपनीने ‘प्रिन्सिपल आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली, तरी हिशेब त्या पाटीला ओढून पुन्हा व्यवस्थापनात नेतो. उत्पादन बनवणाऱ्या कंपनीला ही शिडी सोपी जाते, कारण तिथे एका तज्ज्ञाने टाळलेली चूक थेट कंपनीच्या फायद्यात दिसते.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. हाताखाली कोणी नसलेल्या ज्येष्ठाचे ऐकणार कोण? त्याला लोकांवर अधिकार लागत नाही, निर्णयावर लागतो. आराखड्याच्या छाननीत त्याची सही नसेल तर काम पुढे जाणार नाही, एवढा नियम पुरतो. तो नियम नसेल, तर त्याचे मत सल्ला म्हणून ऐकले जाते आणि मुदत जवळ आली की बाजूला पडते.

त्यामुळे तांत्रिक शिडी देऊ करणाऱ्या संस्थेत रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा. सर्वांत वरच्या तांत्रिक पायरीवर आज किती माणसे आहेत? व्यवस्थापनातून पगार न घटता तांत्रिक कामाकडे कोणी परतले आहे का? आणि गेल्या वर्षभरात त्या पायरीवरच्या कोणाच्या हरकतीने एखादे काम थांबले का? तिन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळाले नाही, तर ती शिडी अजून कागदावरच आहे असे समजा.