वय अधिक शंभर?

कसबा पेठेत आरोग्य शिबिर भरलं की रक्तदाबाच्या टेबलाशी एक हिशोब हमखास ऐकू येतो: "वयात शंभर मिळवा, तेवढं बीपी चालतं." या हिशोबाने फार नुकसान केलं आहे. समजा, 68 वर्षांच्या आजींचा रक्तदाब 168/82 भरला. हिशोब म्हणतो, ठीक आहे. शिवाय खालचा आकडा चांगला, म्हणून घरचेही निश्चिंत. पण वैद्यकशास्त्रात 140/90 ही सीमा साठीनंतर वर सरकत नाही. वय वाढतं तशा मोठ्या रोहिण्या ताठर होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा बऱ्याचदा उतरतो. म्हणजे आजींचा 82 हा दिलासा नव्हे, ताठरपणाचीच खूण असू शकते. पुष्कळांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. मोतीबिंदूही वयोमानानेच होतो, तो कुणी तसाच राहू देत नाही.

पुरावा जुना आणि भक्कम आहे. वरचा आकडा 160 च्या पुढे आणि खालचा 90 च्या आत, अशा साठीपुढच्या 4,736 जणांवर अमेरिकेत अभ्यास झाला. निष्कर्ष 1991 मध्ये आले. पाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या साधारण आठ जणांना पक्षाघात झाला, खरी गोळी घेणाऱ्यांतल्या पाच जणांना. "पण ऐंशीनंतर काय उपयोग?" या शंकेला 2008 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने उत्तर दिलं: ऐंशीपुढच्या लोकांतही उपचारांनी मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले. म्हाताऱ्या माणसाचं बीपी फार उतरलं तर चक्कर येऊन पडेल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून बसून मोजल्यावर उभं राहूनही मोजावं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशक्त माणसासाठी लक्ष्य डॉक्टर थोडं सैल ठेवतात, पण ते त्या माणसाला तपासून. वयात शंभर मिळवून नव्हे!

अर्थात 168 हा आकडा खरा हवा. आजी वाड्याचा जिना उतरून घाईने आल्या, चहा नुकताच झालाय, पट्टा स्वेटरवरून बांधलाय, हात लोंबतोय आणि शेजारणीशी बोलणं चालू आहे, तर आकडा फुगतो. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात छातीच्या उंचीवर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराने पुन्हा मोजावं, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. एका मोजणीवर सहसा निदान होत नाही. मात्र 180/110 च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डोकं दुखलं तरच बीपी असतं, हे खोटं. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आकडा नीट आला म्हणून गोळी बंद करणं चूक, कारण तो गोळीमुळेच नीट आलेला असतो. चिठ्ठीवर "नॉर्मल" लिहून मिळालं तर परत द्या आणि तारखेसह दोन्ही आकडे लिहून मागा.