गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी : अहवालातून ग्रामसभेकडे

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकाला गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी केव्हा करावी, हे दोन आकड्यांवरून ठरविता येते. संशोधन अहवालात ते ‘प्रति कामगंध सापळा प्रति रात्र 8 पतंग, सलग 3 रात्री’ किंवा ‘10 टक्के प्रादुर्भावग्रस्त हिरवी बोंडे’ असे येतात. ग्रामसभेत पहिला आकडा सांगताना सोपेपणासाठी ‘सलग 3 रात्री’ ही अट गाळली, तर एका रात्रीच्या पतंगांवरूनच फवारणी सुरू होते. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. म्हणून अनावश्यक फवारणी हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे.

दुसरा आकडा टक्क्यांऐवजी कृतीतून सांगावा : ‘शेतभर फिरून, न निवडता 20 हिरवी बोंडे तोडा व फोडून पाहा, 2 किंवा अधिक बोंडांत अळी दिसली, तर पातळी गाठली असे समजा.’ येथे प्रमाण तेच राहते. मात्र ‘न निवडता’ आणि ‘फोडून’ हे शब्द वगळता येत नाहीत. किडकी बोंडे वेचून घेतल्यास हिशेब फुगतो; आणि अळी आत शिरल्यावर छिद्र बुजत असल्याने बोंड बाहेरून निरोगीच दिसते.