सहीभोवतीचा पांढरा चौकोन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रे संगणकावर तयार होत आहेत अशी कल्पना करा. फिकट पिवळी पार्श्वभूमी आहे, खाली जांभळ्या रंगात शाळेचा गोल शिक्का छापलेला आहे, त्याच्या शेजारी 'मुख्याध्यापक' असा शब्द आणि त्यावर सहीसाठी आडवी रेघ. बाईंनी कागदावर केलेल्या सहीचा मोबाइलने फोटो काढून तो तेथे चिकटवला, तर काय दिसते? सहीबरोबर तिच्याभोवतीचा कागदही येतो. पिवळ्या प्रमाणपत्रावर एक मळकट पांढरा चौकोन बसतो, शिक्क्याचा काही भाग झाकला जातो आणि रेघ मध्येच तुटते. प्रमाणपत्र खरे असूनही पाहणाऱ्याला ते बनावट वाटू लागते.

यावर उपाय उघड आहे : कागद काढून टाकायचा आणि शाई तेवढी ठेवायची. पण शाई कोठे संपते आणि कागद कोठे सुरू होतो, हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही. लेखातला खरा विषय तोच आहे.

फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणाला ० ते २५५ यांपैकी एक अंक दिलेला असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. आपल्या फोटोत कागदाचे ठिपके २४० च्या आसपास आणि काळ्या शाईचे ४० च्या आसपास आले असे समजू. आता फोटो खूप मोठा करून शाईच्या रेषेची कड पाहा. तेथे २४० ला लागूनच ४० आढळत नाही. मध्ये १९०, १४०, ९० असे करडे ठिपके दिसतात. असे का व्हावे? कारण शाईची कड ठिपक्यांच्या जाळीशी जुळवून चाललेली नसते. एकाच ठिपक्यात थोडी शाई आणि थोडा कागद येतो आणि कॅमेरा दोघांची मिळून सरासरी नोंदवतो. १४० हा अंक ४० आणि २४० यांच्या बरोबर मध्ये आहे. म्हणजे तो ठिपका अर्धा शाईचा आणि अर्धा कागदाचा आहे.

वर्डमध्ये चित्राच्या Color या यादीत Set Transparent Color अशी एक सोय आहे. ती वापरून कागदावर टिचकी मारली, की नेमका त्या एकाच रंगाचे ठिपके अदृश्य होतात. कागदाचे ठिपके मात्र २३८, २४१, २३९ असे थोडेथोडे वेगळे असतात, म्हणून सहीभोवती राख सांडल्यासारखे ठिपके उरतात. त्याहून बरी पद्धत म्हणजे 'दोनशेच्या वरचे सगळे काढा' असा हुकूम सोडणे. राख जाते, पण १४० चा ठिपका जशाच्या तसा शिल्लक राहतो. सहीचा फाटा जांभळ्या शिक्क्यावरून जाईल तेव्हा हा ठिपका घात करतो. शिक्क्याचा उजळपणा ९० धरा. एका बाजूला ४० ची शाई, दुसऱ्या बाजूला ९० चा शिक्का आणि मध्ये १४० चा ठिपका, म्हणजे दोघांपेक्षाही उजळ! डोळ्याला ही सहीभोवतीची पांढुरकी झालर ताबडतोब दिसते. कात्रीने कापून चिकटवलेल्या चित्राची कळा सहीला येते ती हिच्यामुळेच.

खरोखरच शिक्क्यावर सही केली असती तर तेथे काय दिसले असते? अर्धी शाई आणि अर्धा शिक्का. म्हणजे ४० चे निम्मे २० आणि ९० चे निम्मे ४५, एकूण ६५. तेव्हा ठिपका ठेवायचा की काढायचा हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यातली कागदाची निम्मी सरासरी काढून टाकायची आणि 'येथे निम्मी शाई आहे' एवढीच नोंद ठेवायची. उरलेला निम्मा भाग खाली जे काही असेल त्याने भरावा.

अशी नोंद ठेवण्यासाठी रंगाच्या अंकांबरोबर आणखी एक अंक लागतो. त्याला अल्फा म्हणतात. एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संगणकावरील चित्रांसाठी ही युक्ती काढली. १९९६ साली आलेल्या पीएनजी या चित्रप्रकारात हा चौथा अंक साठवता येतो. जेपीइजी प्रकारात तो साठवताच येत नाही. म्हणून कितीही मेहनतीने साफ केलेली सही जेपीइजीत साठवली, की पांढरा चौकोन परत हजर!

आपल्या उदाहरणासाठी अल्फाचे सूत्र असे मांडता येईल :

```
अल्फा = (कागद - ठिपका) / (कागद - शाई)
      = (240 - 140) / (240 - 40) = 0.5
```

आता हेच संगणकाकडून करवून घेऊ. गिम्प ही चित्रांवर काम करणारी प्रणाली विनामूल्य मिळते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने सही करा. खिडकीशेजारच्या सावकाश उजेडात, फ्लॅश न वापरता, कागदाच्या बरोबर वरून फोटो घ्या आणि सहीपुरता कापा. Colors यादीतून Desaturate निवडले की कागदाची पिवळसर छटा जाते. मग त्याच यादीतील Levels उघडा. तेथे Input Levels च्या डाव्या चौकटीत शाईचा अंक, म्हणजे ४०, आणि उजव्या चौकटीत कागदाचा अंक, म्हणजे २४० घाला. (तुमच्या फोटोतले अंक वेगळे असतील, Color Picker ने शाईवर आणि कागदावर टिचकी मारून ते पाहून घ्या.) आता शाई ० झाली, कागद २५५ झाला आणि मधला ठिपका मध्येच राहिला. शेवटी Color to Alpha निवडून पांढरा रंग द्या. वर आपण हाताने केलेला भागाकार गिम्प प्रत्येक ठिपक्यासाठी करते. चित्र Export As ने .png म्हणून साठवायचे.

Levels ची पायरी पुष्कळजण गाळतात. मग शाई ४० वरच राहते, आणि पांढरा रंग काढताना २५५ पैकी ४० भाग 'कागद' समजून तिच्यातूनही काढला जातो. शाईचा अल्फा ०.८४ येतो आणि तिच्यातून शिक्का पुसटसा आरपार दिसतो. निळ्या शाईच्या बाबतीत Desaturate वगळावे आणि Levels मध्ये फक्त कागदाची बाजू लावावी. शाई किंचित आरपार होते, पण निळेपणा टिकतो.

फोटोवर हाताची सावली पडली असेल तर मात्र सूत्र फसते. सावलीतला कागद १९० आला, तर सूत्राच्या हिशेबाने त्यात (२४० - १९०) / २००, म्हणजे पाव हिस्सा शाई आहे! सहीच्या एका बाजूला करड्या धुराचा पडदा तयार होतो. कागदाचा अंक १८५ धरून पडदा घालवता येतो, पण मग रेषांच्या कडा झिजून सही बारीक होते. माझ्या मते अशा वेळी फोटो पुन्हा काढणे हाच शहाणपणा. स्कॅनर असेल तर प्रश्नच नाही.

काम नीट झाले की नाही हे कसे ओळखाल? सही एकदा पांढऱ्या आणि एकदा गडद रंगावर ठेवून पाहा. करडा पडदा पांढऱ्यावर उघडा पडतो, तर पांढुरकी झालर गडद रंगावर. दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

वर्डमध्ये चित्र आणले की ते एखाद्या भल्यामोठ्या अक्षरासारखे ओळीत बसते आणि आजूबाजूच्या ओळींना ढकलते. चित्रावर टिचकी मारून Layout Options मध्ये In Front of Text निवडा, म्हणजे ते मजकुरावर तरंगू लागेल. तेथेच Fix position on page निवडले, तर वर एखादी ओळ वाढली तरी सही जागची हलत नाही. आकार बदलताना कोपरा धरून ओढावा. बाजू धरून ओढली की सही चपटी होते. कागदावर सही ५ सेंटिमीटर रुंद हवी असेल आणि इंचाला ३०० ठिपके धरले, तर सुमारे ६०० ठिपक्यांची रुंदी पुरते. सही रेघेवर तंतोतंत टेकवू नका. खालचे फाटे रेघ ओलांडून जाऊ द्या. हाताने केलेली सही तशीच पडते.

ही फाइल पीडीएफ म्हणून साठवताना अल्फाही बरोबर जातो, कारण २००१ च्या १.४ या आवृत्तीपासून पीडीएफला पारदर्शकता कळते. प्रमाणपत्र मुळात पीडीएफच असेल तर ते वर्डमध्ये उघडून परत साठवण्याच्या भानगडीत पडू नये. मराठी जोडाक्षरे मोडण्याची दाट शक्यता असते. त्याऐवजी त्याच मापाच्या कोऱ्या पानावर योग्य जागी फक्त सही ठेवून sahi.pdf तयार करा. मग क्यूपीडीएफ या विनामूल्य साधनाने एक पान दुसऱ्यावर ठेवा :

```
qpdf patra.pdf --overlay sahi.pdf -- tayar.pdf
```

वर्डच्या कोऱ्या पानाला पीडीएफमध्ये पांढरा रंग दिलेला नसतो. ते पान काचेसारखे असते आणि खालच्या मजकुराला धक्काही लागत नाही.

आता एक प्रयोग करा. वर्डच्या त्या फाइलची एक प्रत काढून तिच्या नावातील .docx च्या जागी .zip लिहा आणि ती उघडा. आत word आणि त्याच्या आत media नावाचा कप्पा सापडेल. त्यात बाईंची सही पीएनजी रूपात, साफ केलेली आणि दुसऱ्या कोणत्याही कागदावर ठेवण्याजोगी, तयार पडलेली असते! पीडीएफमधूनही ती काढता येते. चित्रातल्या सहीला कुलूप नसते. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात जिला डिजिटल सही म्हटले आहे ती वेगळीच वस्तू आहे. ती फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते आणि मजकुरातले एक अक्षर बदलले तरी तपासणीत जुळत नाही. त्यामुळे बाईंची पीएनजी वर्गाच्या संगणकावर ठेवू नये, वर्डची फाइल कोणाला पाठवू नये, आणि प्रमाणपत्रे शक्यतो छापूनच द्यावीत.